हजाराचा रिचार्ज अठराव्या दिवशी का संपतो?

पुण्याहून नोकरीसाठी नोएडाला गेलेलं एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही आणि सकाळी थोडा वेळ गिझर. घराबाहेर प्रीपेड स्मार्ट मीटर. महिन्याच्या एक तारखेला त्यांनी मोबाइलवरून हजार रुपयांचा रिचार्ज केला. रोज साधारण आठ युनिट वीज लागते हे त्यांना ठाऊक आहे, आणि युनिटचा दर साडेपाच रुपये असल्याचं घरमालकाने सांगितलं आहे. आठ युनिटचे चव्वेचाळीस रुपये, म्हणजे हजार रुपये बावीस-तेवीस दिवस पुरायला हवेत. प्रत्यक्षात अठराव्या दिवशी सकाळी बॅलन्स शून्याखाली गेलेला असतो. घरात पहिला शब्द निघतो तो एकच : ‘मीटर पळतंय.’

मीटर पळत असू शकतं, ते पुढे पाहू. पण या हिशेबात मीटरचा काहीही दोष नसताना पाच दिवस कमी पडतात. ते कुठे गेले हे समजलं की प्रीपेड बॅलन्सचं बरंचसं कोडं सुटतं.

महाराष्ट्रातल्या वीजबिलावर ‘स्थिर आकार’ नावाची ओळ असते. आपल्याकडे घरगुती सिंगल फेज ग्राहकाला तो जोडणीमागे ठरलेला असतो. घर लहान असो की मोठं, रक्कम तीच. उत्तर प्रदेशात तसं नाही. तिथे हा आकार मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॉटमागे लागतो. मंजूर भार म्हणजे जोडणी घेताना तुमच्या घरासाठी नोंदवलेली क्षमता. २०२२ च्या दरपत्रकानुसार शहरी घरगुती ग्राहकाला दर किलोवॉटला महिन्याला ११० रुपये स्थिर आकार, पहिल्या १५० युनिटला साडेपाच रुपये, १५१ ते ३०० युनिटला सहा रुपये आणि त्यापुढे साडेसहा रुपये असा दर आहे. या सगळ्यावर पाच टक्के वीज शुल्क.

आपल्या कुटुंबाच्या घराचा मंजूर भार तीन किलोवॉट धरू. स्थिर आकार झाला महिन्याला ३३० रुपये. मासिक बिलात ही रक्कम एकदा, एका ओळीत दिसते आणि आपण ती विसरून जातो. प्रीपेडमध्ये ती तीसने भागून रोज कापली जाते : दिवसाला ११ रुपये. आता खरा हिशेब मांडू. विजेचे ४४, स्थिर आकाराचे ११, मिळून ५५. त्यावर पाच टक्के शुल्क धरलं की ५७ रुपये ७५ पैसे. हजाराला या आकड्याने भागलं की उत्तर सतरा दिवस आणि थोडे तास येतं. हरवलेले पाच दिवस इथे सापडतात. प्रीपेड ग्राहकाला मिळणारी थोडी सूट आणि अधूनमधून लागणारा इंधन अधिभार यांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण मूळ रचना हीच राहील.

म्हणूनच घराला कुलूप असतानाही बॅलन्स उतरतो. दिवाळीत हे कुटुंब दहा दिवस पुण्याला आलं आणि निघताना मेन स्विच बंद करून आलं, तरी त्या दहा दिवसांत ११५ रुपये ५० पैसे कमी होणारच. वीज वापरली नाही तरी तुमच्यासाठी तीन किलोवॉटची सोय राखून ठेवली आहे, तिचं हे भाडं आहे. परतल्यावर बॅलन्स वजा १८० झाला असेल आणि ५०० रुपयांचा रिचार्ज केला, तर हातात ३२० रुपयेच राहतात. आधी खड्डा भरतो, मग उरलेलं जमा होतं.

दुसरं कारण महिन्याच्या मध्यावर येतं. दराचे टप्पे महिन्याच्या एकूण वापरावर ठरतात. रोज आठ युनिट वापरणारं घर एकोणिसाव्या दिवशी १५० युनिट ओलांडतं आणि पुढचं प्रत्येक युनिट सहा रुपयांना पडतं. वापर तोच, पण रोजची कपात ५७.७५ वरून ६१.९५ रुपयांवर जाते. हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात हा फरक फारसा जाणवत नाही. मे महिन्यात एसी सुरू झाला आणि रोजचा वापर अठरा युनिटवर गेला की तो बोचू लागतो. एक तारखेला केलेला हजाराचा रिचार्ज साडेआठ दिवस टिकतो. तोच रिचार्ज पंचवीस तारखेला केला, तर साधारण साडेसात दिवसच टिकतो, कारण तोवर घर साडेसहा रुपयांच्या टप्प्यात पोचलेलं असतं. एक तारखेला टप्पे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. त्यामुळे एका रिचार्जची दुसऱ्याशी तुलना करताना तो महिन्याच्या कोणत्या दिवशी केला होता हे पाहायलाच हवं.

तिसरं कारण पैसे कापण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याला वाटतं की मोबाइलच्या सिमसारखा बॅलन्स मीटरमध्ये साठलेला असतो. सध्या बसवल्या जाणाऱ्या बहुतेक स्मार्ट मीटरमध्ये तसं नसतं. मीटर फक्त वीज मोजतं आणि नोंद ठेवतं. मध्यरात्रीचं रीडिंग मोबाइल नेटवर्कवरून किंवा जवळच्या रेडिओ उपकरणामार्फत कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. तिथे दर, टप्पे, स्थिर आकार आणि शुल्क लावून तुमच्या खात्यातून रक्कम वजा होते. एखाद्या तळघरातल्या मीटरला चार दिवस सिग्नल मिळाला नाही, तर ते चार दिवस बॅलन्स जवळपास हलत नाही आणि पाचव्या दिवशी सगळी कपात एकदम होते. मोबाइलवर मात्र दिसतं की काल ६०० रुपये होते आणि आज ३५० आहेत. अशा वेळी एका दिवसाच्या कपातीवरून निष्कर्ष काढू नये. आठवड्याची बेरीज घ्यावी.

चौथं कारण मंजूर भाराशी जोडलेलं आहे आणि ते नवीन ग्राहकाला सहसा कुणी समजावून सांगत नाही. स्मार्ट मीटर महिन्यातली कमाल मागणीही नोंदवतं, म्हणजे साधारण अर्ध्या तासाच्या सरासरीत घराने एका वेळी किती किलोवॉट ओढले ते. दीड टनाचा एसी, दोन किलोवॉटचा गिझर आणि इस्त्री एकाच अर्ध्या तासात चालले की तीन किलोवॉटची मर्यादा सहज ओलांडते. ग्राहक हक्क नियमांत केंद्राने जून २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार त्या महिन्याचा हिशेब प्रत्यक्ष नोंदलेल्या कमाल मागणीवर होतो आणि तसं एसएमएसने किंवा अॅपवर कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. मागणी चार किलोवॉट निघाली तर रोजचा स्थिर आकार ११ वरून साधारण १४ रुपये ६७ पैशांवर जातो. मात्र मंजूर भार कायमचा वाढवायचा असेल, तर एका आर्थिक वर्षात तो किमान तीनदा ओलांडलेला असायला हवा. त्यातही सर्वांत कमी ओलांडलेल्या मागणीचाच आधार घ्यावा लागतो. स्मार्ट मीटर बसण्याआधीच्या काळासाठी कमाल मागणीचा दंड लावता येत नाही. गिझर आणि एसी वेगवेगळ्या वेळी चालवणं ही सवय म्हणून थेट पैशांत मोजता येते.

आणखी दोन गोष्टी बॅलन्समधून वजा होऊ शकतात. जुन्या मासिक बिलाची थकबाकी असेल, तर ती अनेक ठिकाणी प्रीपेड खात्यात उतरवून हप्त्यांनी वसूल केली जाते. भाडेकरूने घर घेतानाच खात्यावर जुनी बाकी आहे का, हे विचारून घ्यावं. दुसरं म्हणजे नोएडा-गुरुग्रामच्या मोठ्या सोसायट्यांत वीज कंपनीचं मीटर सोसायटीच्या दारात असतं आणि घरोघरचे प्रीपेड मीटर बिल्डर किंवा सोसायटी चालवते. तिथे देखभाल खर्च आणि जनरेटरची महाग वीजही त्याच बॅलन्समधून कापली जाताना दिसते. अशा घरात प्रश्न वीज कंपनीला विचारून उपयोग नसतो. हिशेब सोसायटीकडेच मागावा लागतो.

एवढं सगळं धरूनही आकडा जुळत नसेल, तर मीटरची परीक्षा घ्यावी. ती घरच्या घरी सुरू करता येते. मीटरच्या पडद्यावर पुढे kWh असं लिहिलेला एकूण वापराचा आकडा येईपर्यंत थांबा आणि त्याचा फोटो काढा. बरोबर चोवीस तासांनी पुन्हा फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या दिवसाची युनिटं. असं सात दिवस करा आणि अॅपवरच्या रोजच्या वापराशी ताडून पाहा. मीटरचे आणि अॅपचे आकडे जुळत असतील, पण पैसे जास्त कापले जात असतील, तर चूक दरात, भारात किंवा थकबाकीत आहे. आकडेच जुळत नसतील, तर चूक रीडिंग पोचण्यात आहे. दोन्ही आकडे जुळतात, पण वापरच अशक्य वाटतो, तर घरातला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. घरात काहीच चालू नसताना तो लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या दरम्यान कुठेतरी वीज जाते आहे : खराब वायर किंवा दुसऱ्या कुणाची जोडणी. ते परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्यावं.

तरीही शंका राहिली तर २०२४ च्या नियमदुरुस्तीने ग्राहकाला एक भक्कम हत्यार दिलं आहे. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केल्यावर पाच दिवसांत दुसरं, तपासणीचं मीटर बसवणं आणि किमान तीन महिने दोन्ही मीटर पडताळणं वीज कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रार लेखी करावी, सात दिवसांचे फोटो जोडावेत आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर न लावण्याची भूमिका राज्य सरकारने जाहीर केली आणि स्मार्ट मीटर मासिक बिलाच्या पद्धतीनेच बसवले जाऊ लागले. पण उत्तर प्रदेश, बिहार अशा राज्यांत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी माणसांच्या दारात प्रीपेड मीटर आहे, आणि तिथे पुण्या-मुंबईचा अंदाज लागू पडत नाही. मासिक बिल ग्राहकाला निदान एका कागदावर सगळ्या ओळी दाखवतं. प्रीपेडमध्ये त्या ओळी तीस तुकड्यांत विखुरतात. म्हणून रोजच्या कपातीत वीज किती, स्थिर आकार किती, शुल्क किती आणि थकबाकी किती, हे वेगवेगळं दाखवणं कंपनीचं काम आहे आणि ते मागणं ग्राहकाचं.

आपल्या पुरतं एवढंच करा. मंजूर भार आणि किलोवॉटचा दर यांवरून रोजचा स्थिर आकार काढा, त्यात रोजच्या युनिटांचे पैसे मिळवा, वर शुल्क लावा आणि तो एक आकडा मीटरच्या शेजारी लिहून ठेवा. पुढच्या रिचार्जची रक्कम त्याने भागा. जे उत्तर येईल, तितकेच दिवस तुमच्याकडे आहेत.