ग्राफ पेपरवरचा बैल

तुमच्या मोबाइलमधल्या गेमचा हीरो आज घाम पुसतो, केस उडवतो, पावसात भिजतो. त्याचा खापरपणजोबा ८ बाय ८ चौकोनांत मावायचा. म्हणजे सगळे मिळून ६४ ठिपके! आणि हे ६४ ठिपके कुणीतरी आधी कागदावर पेन्सिलीने भरलेले असायचे.

ॲपलच्या मॅकिंटॉशचे पहिले आयकॉन्स काढणाऱ्या सुझन केर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राफ पेपरची वहीच वापरली होती, हे डिझाइनवाल्या मित्रमंडळींना ठाऊक असेलच. पण ती झाली कॅलिफोर्नियाची गोष्ट. मला भेटलेला माणूस साताऱ्याकडचा आहे. आज पन्नाशीत आहे, पुण्यात गेम्ससाठी आर्ट करतो आणि ‘नाव छापायचं नाही, गावाचंही नाही’ ही त्याची पहिली अट. दुसरी अट, ‘सर’ म्हणायचं नाही. मग ‘दादा’वर आमची तडजोड झाली.

बाणेरच्या एका कॅफेत दादांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून ११ कागद बाहेर काढले. पिवळे पडलेले, घडीवर विरलेले. काही ठिकाणी खोडरबराने कागद इतका पातळ झाला होता की खालचं टेबल दिसत होतं.

साल १९८८. दादा नववीत. गावापासून ७ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या शाळेत दोन बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आलेले. (केंद्र सरकारच्या ‘क्लास’ नावाच्या योजनेतून १९८४-८५पासून देशातल्या निवडक शाळांमध्ये ही ब्रिटिश मशिन्स पोचली होती.) मेमरी ३२ केबी. हो, केबी! तुमच्या फोनमधल्या एका फोटोला अशी कित्येक मशिन्स लागतील. दोन मशिन्सना मुलं खूप, त्यामुळे दादांच्या वाट्याला दर शनिवारी साधारण १० मिनिटं यायची. चपला बाहेर, हात धुतलेले आणि मागे पुढच्या नंबरवाल्याचा श्वास मानेवर.

‘दहा मिनिटांत विचार करायचा नसतो,’ दादा म्हणाले. ‘फक्त टाइप करायचं. विचार घरून करून यायचा.’

आणि घरी कॉम्प्युटर नव्हता, पण दोसुतीचं कापड होतं. दादांची ताई शाळेच्या शिवणकामासाठी त्यावर क्रॉस-स्टिचचा पोपट भरत होती. समोर ग्राफ पेपरवर काढलेला नमुना आणि एका चौकोनाला एक टाका. सरांनी वर्गात सांगितलं होतं की स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर ८ बाय ८ ठिपक्यांचं असतं आणि आपण स्वतःचं अक्षरही बनवू शकतो. दादांच्या डोक्यात ताईचा पोपट आणि सरांचं अक्षर एकत्र आलं. अक्षरच का बनवायचं? बैल का नाही?

एका बैलाची बेरीज

पहिली अडचण कागदाची. आपल्याकडच्या ग्राफ पेपरवर १ मिलिमीटरचे चौकोन असतात. त्यातला एक भरला तर दिसणार काय? मुंगी! म्हणून दादांनी ५ मिलिमीटरचा एक ठोकळा हा एक ठिपका धरला. ८ ठोकळे म्हणजे ४ सेंटिमीटर. अशा हिशेबाने एका कागदावर आडवी ४ आणि उभी ६ चित्रं बसायची. सायन्स जर्नलसाठी आणलेले कागद असे हळूहळू गायब झाले आणि त्याबद्दल घरी जे झालं ते छापायचं नाही, ही तिसरी अट.

पहिलं चित्र बैलाच्या तोंडाचं, समोरून. सगळ्यात वरच्या ओळीत फक्त दोन टोकाचे चौकोन भरलेले, ती शिंगांची टोकं. चौथी ओळ पूर्ण भरलेली, कारण तिथे दोन्ही बाजूंनी कान येतात. पाचव्या ओळीत डोळ्यांसाठी मोकळी जागा.

आता हे चित्र कॉम्प्युटरला कसं सांगायचं? प्रत्येक ओळीचा एक आकडा करायचा. डावीकडून उजवीकडे आठ घरांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. जे घर भरलेलं असेल त्याची किंमत मोजायची, रिकाम्याची सोडून द्यायची. शिंगांची ओळ म्हणजे १२८ अधिक १, झाले १२९. कानांची ओळ पूर्ण, म्हणून २५५. डोळ्यांच्या ओळीत ६४, १६, ८ आणि २, बेरीज ९०. आठ ओळींचे आठ आकडे, की झाला बैल! शनिवारी टाइप करायचं ते एवढंच:

```
10 MODE 4
20 VDU 23,224,129,195,126,255,90,126,36,60
30 PRINT CHR$(224)
```

यातला २२४ म्हणजे त्या नव्या ‘अक्षराचा’ नंबर. पुढचे आठ आकडे म्हणजे वरून खाली आठ ओळी.

पहिल्या शनिवारी स्क्रीनवर काहीच आलं नाही. एरर नाही, बैल नाही, नुसती रिकामी ओळ. दादांनी तिसरी ओळ नंबर न देता पुन्हा टाइप केली, तेव्हा बैल आला, पण हनुवटीच्या जागी डाव्या बाजूला तीन ठिपके चिकटलेले! वेळ संपली. तो आठवडा कसा गेला असेल?

उत्तर त्यांना घरी, कागदावरच सापडलं. घाईत त्यांनी आठऐवजी सातच आकडे टाइप केले होते. मशीन बिचारं आठव्याची वाट बघत बसलं आणि पुढे छापायला दिलेला २२४ हाच आकडा त्याने शेवटची ओळ म्हणून गिळला. २२४ म्हणजे १२८ अधिक ६४ अधिक ३२, डावीकडचे तीन चौकोन. तेच ते तीन ठिपके. मला हा किस्सा प्रचंड आवडला, कारण चूक कुठे झाली याचा पत्ता चुकीच्या चित्रातच लिहिलेला होता.

उलटा धावणारा पोरगा

बैल जमल्यावर दादांनी गेमच ठरवला. ज्वारीच्या शेतात बैल घुसलेत, काठी घेतलेला पोरगा त्यांना हाकलतोय. सिंपल! पोरगा उजवीकडे धावणारा, हातातली काठी पुढे धरलेली. काठीच्या ओळीत उजवीकडचे सहा चौकोन भरले होते. शनिवारी टाइप केलं तर पोरगा डावीकडे तोंड करून उभा!

घोळ असा होता की घरांच्या किमती त्यांनी पहिल्यापासूनच उलट्या लावल्या होत्या. डावीकडे १ आणि उजवीकडे १२८. काठीची ओळ ६३ हवी होती, त्यांनी लिहिली २५२. मग बैल कसा बरोबर आला? कारण बैलाचं तोंड दोन्ही बाजूंनी सारखं. आरशात धरलं तरी तेच दिसणार. त्या पहिल्या चित्राने चूक महिनाभर लपवून ठेवली. ‘आजही नवीन पोरं आली की मी त्यांना आधी वाकडंतिकडं काहीतरी काढायला लावतो,’ दादा हसत म्हणाले. ‘सरळ चित्र खोटं बोलतं.’

मग खरी मजा सुरू झाली. शेतात चालणारा बैल बाजूने दिसायला हवा आणि ८ बाय ८ मध्ये त्याचं वशिंड, शेपूट, चार पाय मावेनात. म्हणून १६ बाय १६, म्हणजे चार ‘अक्षरं’ जोडून एक बैल. पण मशीनवर अशी नवी अक्षरं सरळ मार्गाने फक्त ३२ बनवता येत होती. इथे दादांनी कागदाच्या कोपऱ्यात केलेला हिशेब मी स्वतः वाचला. बैलाला चालवायला दोन पोझ, प्रत्येक पोझ डावीकडे आणि उजवीकडे, प्रत्येकी चार अक्षरं, झाली १६. पोरगा लहानच ठेवला, त्याच्या दोन पोझ दोन दिशांना, म्हणजे ४. उरली १२. त्यात ज्वारीचं उभं ताट, अर्धं खाल्लेलं ताट, बुडखा, बांध, झोपडी. गाय हवी होती, ती कापली. कुत्रा हवा होता, तोही कापला. (बजेट कट म्हणजे काय ते तुम्हाला आम्हाला नोकरीत कळलं, दादांना नववीत!)

डावीकडचा बैल काढायची त्यांची आयडिया तर भन्नाट. कागद खिडकीच्या काचेवर उलटा धरायचा, उन्हात मागून चौकोन दिसतात, तेच गिरवायचे. आरशातलं चित्र फुकट. आकडे मात्र पुन्हा नव्याने मोजायचे.

रंगाचा मोहही झाला. MODE 2 मध्ये बैल तांबडा करता येत होता. केलाही. पण त्या मोडमध्ये प्रत्येक ठिपका दुप्पट रुंद असतो, त्यामुळे खिलार बैलाची म्हैस झाली. कागदावर १० बाय ५ मिलिमीटरचे आडवे ठोकळे पाडून नव्याने काढायचा प्रयत्न त्या ११ कागदांपैकी एकावर आहे. शिंग एका ठोकळ्याचं केलं तरी जाड दिसतंय. तो कागद अर्धवटच सुटलाय. दादा मुकाट काळ्या-पांढऱ्यावर परत आले.

दहावी लागली आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांची बदली झाली. खोलीला कुलूप. चावी ऑफिसात असायची, पण ‘मशीन बिघडलं तर जबाबदारी कोणाची’ या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणी तयार नव्हतं. दादांनी दोनदा अर्ज केला. तोपर्यंत पोरगा स्क्रीनवर धावला होता, बैल स्क्रीनवर चालला होता, पण दोघं एका शेतात कधी आलेच नव्हते. बोर्डाची परीक्षा झाली, पुढे आयटीआय, मग भोसरीत नोकरी. स्वतःचा पहिला कॉम्प्युटर त्यांनी १९९८मध्ये घेतला, असेंबल केलेला, हप्त्यावर. म्हणजे कागदावरच्या बैलानंतर दहा वर्षांनी.

ते कागद त्यांच्या आईने ट्रंकेत ठेवले होते, ताईच्या दोसुतीच्या पोपटाखाली. दोन वर्षांपूर्वी घर रंगवताना निघाले. जुनं बीबीसी मायक्रो आता ब्राउझरमध्ये इम्युलेटरवर चालतं, त्यामुळे एका रविवारी दादांनी कागदावरचे सगळे आकडे एकामागून एक टाइप केले. डावीकडे चालणाऱ्या बैलाची शेपूट मधेच तुटलेली निघाली. कागदावर चौकोन बरोबर भरलेले होते, बेरीज चुकली होती. १८ हवे होते, १६ लिहिले होते.

‘दुरुस्त केलंत?’ मी विचारलं.

‘केलं की! पण खरा प्रॉब्लेम वेगळाच निघाला.’ गेमचा कोड त्यांनी आता लिहिला, तेव्हाच्याच बेसिकमध्ये. शेतात चार बैल सोडले आणि गेम रांगायला लागला. प्रत्येक पावलाला एका बैलाची चार अक्षरं पुसायची, चार नवी छापायची, तेही चार बैलांसाठी, आणि मग कुठे पोरग्याची पाळी. तो एक पाऊल टाकेपर्यंत अर्धी ज्वारी फस्त. ग्राफ पेपरवर वेग दिसत नाही, आणि दहा मिनिटांच्या पाळीत तो कधी कळलाच नसता.

कॉफी गार झाली होती. दादांनी फोल्डर बंद केलं आणि सांगितलं की आता दोनच बैल ठेवायचे, म्हणजे गेम पळेल. उरलेल्या मेमरीत कुत्रा बसतोय का, ते बघताहेत.