पेन ड्राइव्हमधला बॅड सेक्टर: वापरत राहावे की टाकून द्यावा?

पेन ड्राइव्ह संगणकाला लावला की कधी कधी पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना झळकते: `There's a problem with this drive. Scan the drive now and fix it.` बहुतेक जण ती बंद करून कामाला लागतात. काही जण घाबरून लगेच स्कॅनचे बटण दाबतात. पहिल्यात निष्काळजीपणा आहे, दुसऱ्यात घाई आहे, आणि आतली माहिती जाते ती बऱ्याचदा या घाईमुळे.

ही सूचना आली म्हणजे पेन ड्राइव्ह खराब झाला असे नाही. पेन ड्राइव्हवर लिहिणे सुरू झाले की विंडोज त्यावर ‘काम चालू आहे’ अशी एक खूण करते आणि तो नीट ‘इजेक्ट’ केला की ती पुसते. मधेच कोणी ओढून काढला तर खूण तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचना येते. कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदीत गोंधळ झालेला असू शकतो, पण चिप शाबूत असते.

बॅड सेक्टरची लक्षणे वेगळी. कॉपी करताना गाडी एका ठरावीक फाइलवर येऊन अडते. `Data error (cyclic redundancy check)` असा संदेश येतो. फोटो अर्धा उघडतो आणि खालचा भाग करडा दिसतो. पण इथेही निष्कर्ष काढण्याआधी पेन ड्राइव्ह दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये, मधली एक्स्टेन्शन वायर किंवा हब काढून, थेट लावून पाहायला हवा. सैल पोर्टमुळेही असेच दिसते. दर वेळी वेगळ्याच फाइलवर अडत असेल तर संशय पोर्टवर किंवा जोडणीवर घ्यावा. दर वेळी त्याच फाइलवर अडत असेल तर दोष बहुधा आतल्या मेमरीत आहे.

या मेमरीची घडण कळली की पुढचा निर्णय सोपा होतो. पेन ड्राइव्हमधल्या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात किती विद्युतभार साठला आहे यावर माहिती ठरते. लिहिताना भार आत ढकलला जातो, पुसताना बाहेर खेचला जातो. या ओढाताणीत कप्प्याभोवतीचा अतिशय पातळ विद्युतरोधक थर झिजतो. आजच्या स्वस्त पेन ड्राइव्हमधला एक कप्पा साधारण हजारभर वेळा पुसून लिहिता येतो, काहींत त्याहूनही कमी. पुसण्याचे काम एकेका कप्प्याचे होत नाही, लाखो कप्प्यांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसला जातो. त्यामुळे छोटीशी फाइल बदलली तरी झीज मोठ्या भागाची होते.

चिप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच तिच्यात काही ब्लॉक खराब असतात आणि ते बनवणाऱ्याला माहीत असते. म्हणून पेन ड्राइव्हमध्ये कंट्रोलर नावाची दुसरी चिप असते. ती खराब ब्लॉक बाजूला काढते, राखीव ब्लॉक त्यांच्या जागी लावते, आणि वाचताना दोनचार बिट चुकले तर गणिताने दुरुस्त करून मगच संगणकाला देते. हे सगळे गुपचूप चालते. जुन्या हार्ड डिस्कही असे काही करत, पण त्यांचा आरोग्यअहवाल संगणकाला वाचता येत असे. बहुतेक पेन ड्राइव्ह तसा अहवाल देतच नाहीत.

म्हणून पेन ड्राइव्हमध्ये बॅड सेक्टर ‘दिसला’ याचा अर्थ गंभीर आहे. कंट्रोलरची दुरुस्ती अपुरी पडली, किंवा त्याच्याकडचे राखीव ब्लॉक संपले. जे दिसते ती बिघाडाची सुरुवात नसते, बिघाड झाकण्याची ताकद संपल्याची ती निशाणी असते.

खराब जागेवर खूण करून उरलेला पेन ड्राइव्ह वापरण्याची जुनी पद्धत याच कारणाने इथे फसते. `chkdsk` ही विंडोजची आज्ञा खराब जागा शोधून ‘इथे लिहू नये’ अशी नोंद करते. हार्ड डिस्कवर ती जागा तिथल्या तिथे राहायची. पेन ड्राइव्हमध्ये संगणकाला दिसणारा पत्ता आणि चिपवरची खरी जागा यांची सांगड कंट्रोलर झीज वाटून घेण्यासाठी सतत बदलत असतो. खोलीच्या दारावर फुली मारावी आणि आतला भाडेकरू रातोरात दुसऱ्या खोलीत राहायला जावा, तसे होते. खराब भाग सोडून उरलेल्या जागेचे वेगळे पार्टिशन करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तोही याच कारणाने बिनभरवशाचा आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लग्नाच्या फोटोंचा 32 जीबीचा पेन ड्राइव्ह सहा वर्षे कपाटात पडून होता. लावल्यावर विंडोजमध्ये त्याची क्षमता सुमारे 28.8 जीबी दिसते. यात फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींचा हा फरक आहे. थोडी जागा राखीवही जाते. फोटो कॉपी करायला घेतले आणि चार फोटोंवर गाडी अडली.

पहिले काम स्कॅन नव्हे, कॉपी. `chkdsk` ला `/f` किंवा `/r` जोडले की ती पेन ड्राइव्हवर लिहू लागते. नोंदी तुटलेल्या असतील तर ती फाइलचे तुकडे `FOUND.000` नावाच्या फोल्डरमध्ये टाकते, आणि मूळ नावे जातात. आजारी चिपवर आणखी लिहिणे हा धोका वेगळाच. त्यामुळे आधी जे वाचता येते ते बाहेर काढावे. साध्या ‘कॉपी-पेस्ट’पेक्षा विंडोजमधलीच ही आज्ञा सोयीची पडते. पेन ड्राइव्हचे अक्षर इथे E धरले आहे:

```
robocopy E:\ D:\PenCopy /E /R:1 /W:1 /A-:SH
```

यातले `/R:1` महत्त्वाचे. एखादी फाइल वाचता आली नाही तर एकदाच पुन्हा प्रयत्न करून ही आज्ञा पुढे जाते. हे लिहिले नाही तर ती दहा लाख वेळा प्रयत्न करत एकाच फाइलवर बसून राहते. शेवटच्या अहवालात किती फाइल अडल्या तो आकडा `FAILED` या रकान्यात मिळतो. राहिलेले फोटो फार मोलाचे असतील तर पेन ड्राइव्हला इथेच हात लावायचा थांबवून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावा. पुढची चाचणी सगळे पुसून टाकते.

तसे नसेल तर आता खरी परीक्षा. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून रिकामा करावा. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत होतो, कारण तो फक्त फाइलची यादी नव्याने मांडतो. आतली जागा तो तपासत नाही. फॉरमॅटनंतर पेन ड्राइव्ह ‘बरा झाला’ असे वाटते ते यामुळेच, आणि लोक फसतात ते इथेच. खात्रीसाठी सगळी जागा भरून ती परत वाचावी लागते. जर्मनीतल्या ‘सीटी’ या संगणक मासिकाच्या मंडळींनी केलेला `H2testw` हा मोफत प्रोग्रॅम नेमके हेच करतो. रिकाम्या जागेत तो एकेका जीबीच्या फाइल लिहितो आणि मग अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. लिनक्सवर `f3write` आणि `f3read` ही जोडी हेच काम करते. सेकंदाला 8 एमबी वेगाने लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला 28.8 जीबी भरायला तासभर लागतो, वाचायला त्याहून कमी. या काळात तो चांगला गरम होतो, म्हणून उन्हात किंवा लॅपटॉपच्या गरम हवेच्या झोतात ठेवू नये.

निकाल वाचताना दोन शब्दांकडे नीट पाहावे. `overwritten` पुढे मोठा आकडा आला तर पेन ड्राइव्ह बनावट असल्याची दाट शक्यता आहे. आत 8 जीबीची चिप आणि कंट्रोलर मात्र 64 जीबी सांगतो. खरी जागा भरली की नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात. अशा पेन ड्राइव्हमध्ये बॅड सेक्टर शोधण्यात अर्थ नाही, विक्रेत्याला परत करावा. `slightly changed` पुढे आकडा आला तर काही बिट उलटले आहेत, म्हणजे मेमरी लिहिलेले धरून ठेवत नाही. अशा वेळी आकडा लहान आहे म्हणून समाधान मानू नये. एक बिट चुकला तरी झिप फाइल उघडायला नकार देऊ शकते.

आपल्या लग्नाच्या पेन ड्राइव्हवर `Test finished without errors` असा निकाल आला असे धरू. असे घडू शकते, कारण कप्प्यांतला भार वर्षानुवर्षांत हळूहळू गळतो आणि उष्णतेत वेगाने गळतो. कप्पे झिजलेले नसतात, त्यांतली माहिती फिकी झालेली असते. नवे लिहिले की ती पुन्हा ठसठशीत होते. तरी चाचणीच्या फाइल लगेच पुसू नयेत. पेन ड्राइव्ह आठवडाभर तसाच ठेवून `Verify` पुन्हा चालवावे. झिजलेली चिप लिहिल्या लिहिल्या बरोबर वाचते आणि काही दिवसांनी चुकते. ही दुसरी पडताळणी बहुतेक जण करत नाहीत, पण भरवसा ठरतो तो तिच्यावरच.

दोन्ही वेळा निर्दोष निघाला तर पेन ड्राइव्ह वापरावा, पण नेआण करण्यापुरता: झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ न्यायला, गाडीत गाणी ऐकायला. एका आठवड्याची परीक्षा सहा वर्षांची हमी देत नाही, त्यामुळे कशाचीही एकमेव प्रत त्यावर ठेवू नये. कोणत्याही फेरीत एक जरी चूक निघाली, तर काहीशे रुपयांच्या वस्तूसाठी आणखी खटाटोप करण्यात अर्थ नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या पेन ड्राइव्हवर बऱ्याचदा पाच वर्षांची वॉरंटी असते, म्हणून टाकण्याआधी बिल शोधावे.

काही लक्षणांत मात्र परीक्षेचीही गरज नसते. क्षमता शून्य दिसणे किंवा `No Media` येणे म्हणजे कंट्रोलरचा चिपशी संपर्क तुटला आहे. दुसरे लक्षण `The disk is write-protected`. बाजूला लॉकची कळ नसताना हा संदेश आला आणि `diskpart` मधून बंदी उठवूनही लिहिता येत नसेल, तर बहुधा कंट्रोलरने स्वतःहून कुलूप लावलेले असते. लिहायला चांगले ब्लॉक उरले नाहीत की काही कंट्रोलर असे करतात. वाचन अजून चालू असते, त्याच बैठकीत सगळे कॉपी करून घ्यावे.

टाकताना शेवटची काळजी माहितीची. फाइल पुसल्या, फॉरमॅट केला, तरी कंट्रोलरने बाजूला काढलेल्या ब्लॉकमध्ये जुन्या फाइलचे तुकडे राहतात आणि संगणकाला तिथे पोचताच येत नाही. आधारची प्रत, बँकेची कागदपत्रे त्यावर असतील तर चिपच फोडावी. यूएसबीचे धातूचे टोक वाकवून काही होत नाही. आतल्या हिरव्या पट्टीवरच्या काळ्या चौकोनी चिपवर हातोडीने घाव घालून तिचे तुकडे करावेत. नखाएवढ्या छोट्या पेन ड्राइव्हमध्ये सगळे त्या काळ्या पट्टीतच असते, तिथे ती पट्टीच तोडावी. तोडताना डोळ्यांना चष्मा असावा आणि पट्टी जाळू नये, कारण तिचा धूर विषारी असतो. देशात 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. हे तुकडे सुक्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत.