देशाची ऊर्जा, माणशी किती युनिट?

घरी येणाऱ्या वीजबिलावरचा ‘युनिट’ हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. हजार वॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट जळते. देशाच्या ऊर्जेचे आकडे मात्र या भाषेत येत नाहीत. ते येतात ‘दशलक्ष टन तेल-समतुल्य’ या मापात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2021च्या अहवालानुसार भारताची 2019 सालची एकूण प्राथमिक ऊर्जा 929 दशलक्ष टन तेल-समतुल्य होती. या आकड्यात आपला प्रत्येकाचा वाटा किती, हे आपल्या ओळखीच्या युनिटांत काढता येते. हिशेब दोन पायऱ्यांचा आहे. खरी काळजी घ्यावी लागते ती उत्तराचा अर्थ लावताना.

आधी हे माप समजून घेऊ. कोळसा, वायू, लाकूड, तेल या सगळ्यांना एका तराजूत टाकायचे तर समान एकक हवे. म्हणून एक टन कच्चे तेल जाळल्यावर साधारण जेवढी उष्णता मिळते, तेवढी उष्णता हे एकक ठरवले. प्रत्येक विहिरीचे तेल वेगळे असते, त्यामुळे हा आकडा संकेताने पक्का केला आहे: एक टन म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते.

आता युनिटाकडे येऊ. एक युनिट म्हणजे सुमारे 860 किलोकॅलरी. आंघोळीची 20 लिटरची बादली 43 अंशांनी तापवायला, उष्णता वाया गेली नाही तर, एवढीच उष्णता लागते. एक कोटीला 860ने भागले की साडेअकरा हजारांच्या थोडे वर उत्तर येते. प्रमाणित आकडा आहे 11,630. म्हणजे एक टन तेल-समतुल्य बरोबर 11,630 युनिट.

दशलक्ष टन असतील तर 11,630 दशलक्ष युनिट, म्हणजेच 11.63 अब्ज युनिट होतात. एक टेरावॅट-तास म्हणजे नेमके एक अब्ज, शंभर कोटी युनिट. म्हणून दशलक्ष टनांच्या आकड्याला 11.63ने गुणले की टेरावॅट-तास मिळतात. ही पहिली पायरी.

929 गुणिले 11.63 म्हणजे सुमारे 10,804 टेरावॅट-तास. दुसऱ्या पायरीत हे लोकसंख्येने भागायचे. 2019ची भारताची लोकसंख्या सुमारे 137 कोटी, म्हणजे 1.37 अब्ज धरू. टेरावॅट-तास हे अब्ज युनिटच असल्यामुळे वरचे अब्ज आणि खालचे अब्ज कटतात आणि शून्ये मोजत बसावे लागत नाही. 10,804 भागिले 1.37 म्हणजे माणशी वर्षाला सुमारे 7,886 युनिट.

उत्तर पडताळायला दुसऱ्या वाटेने जावे. 929 दशलक्ष टन म्हणजे 92.9 कोटी टन. त्याला 137 कोटींनी भागले की माणशी 0.678 टन येते, आणि त्याला 11,630ने गुणले की पुन्हा तेच 7,886. दोन्ही वाटा जुळल्या नाहीत तर बहुधा दशलक्ष, कोटी आणि अब्ज यांच्यात गफलत झालेली असते. दशलक्ष म्हणजे दहा लाख, कोटी नव्हे. सर्वाधिक चुका इथेच होतात. शिवाय लोकसंख्या अंदाजाने घेतलेली आहे, आणि घरोघरच्या चुलींत जळणाऱ्या लाकूड-शेणींना मीटर नसतो. त्यामुळे उत्तराचा शेवटचा अंक मनावर घेऊ नये. ‘सुमारे 7,900’ म्हणणे प्रामाणिकपणाचे.

7,900ला 365ने भागले तर रोज साडेएकवीस युनिटांच्या आसपास येतात. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक भारतीयामागे शंभर वॅटचे नऊ दिवे वर्षभर रात्रंदिवस जळत आहेत, एवढी ही ऊर्जा आहे. याच रीतीने त्या काळातली जगाची सरासरी माणशी सुमारे 22 हजार युनिट आणि अमेरिकेची सुमारे 78 हजार येते.

इथवर अंकगणित झाले. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नोंदीप्रमाणे 2019-20मध्ये भारतातला दरडोई वीजवापर 1,208 युनिट होता. मग 7,900 कुठले?

दोन्ही आकडे खरे आहेत, मोजलेल्या वस्तू वेगळ्या आहेत. 7,900 ही बहुतांशी इंधनातली उष्णता आहे आणि 1,208 ही तयार वीज. पहिल्यातून दुसरा वजा करून ‘उरलेली ऊर्जा विजेशिवायची’ असे म्हणणेही चूक, कारण वीज करण्यासाठी जाळलेला कोळसा त्या 7,900मध्येच आहे. औष्णिक केंद्रात साधारण 35 टक्के उष्णतेची वीज होते, बाकीची शीतकरण मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून निघून जाते. सगळी वीज कोळशाची असती, तर 1,208 युनिटांसाठी सुमारे 3,450 युनिटांची उष्णता जाळावी लागली असती.

याच कारणाने काही तक्त्यांत 11.63ऐवजी दुसराच आकडा भेटतो. बीपी कंपनीच्या वार्षिक सांख्यिकी अहवालात, दशलक्ष टन तेलातून आधुनिक वीजकेंद्रात सुमारे 4.4 टेरावॅट-तास वीज मिळते, अशी टीप असे. तो आकडा प्रत्यक्ष हाती येणाऱ्या विजेचा आहे. तो वापरला तर भारताचा वाटा माणशी तीन हजार युनिटांच्या आसपास दिसेल. कुणी कोणता आकडा घेतला हे ओळखायला टेरावॅट-तासांना दशलक्ष टनांनी भागून पाहावे. 11.63 आले तर उष्णता, साडेचारच्या जवळ आले तर वीज.

आणखी एक गुंता पाणी आणि अणू यांच्या हिशेबात आहे. कोयनेच्या जलविद्युत केंद्रातून एक टेरावॅट-तास वीज निघाली, तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था ती जशीच्या तशी मोजते: 0.086 दशलक्ष टन. तेवढीच वीज तारापूरच्या अणुकेंद्रातून निघाली तर तिच्यामागची अणुभट्टीची उष्णता मोजली जाते, आणि कार्यक्षमता 33 टक्के धरल्यामुळे 0.26 दशलक्ष टन नोंदले जातात. ग्राहकाच्या घरी दिवा तेवढाच उजळतो, पण तक्त्यात एक केंद्र दुसऱ्याच्या तिप्पट दिसते. सौर आणि पवन वीजही पाण्यासारखीच मोजतात. म्हणून कोळशाच्या जागी सौर वीज आली की कुणाचाही वापर कमी न होता देशाचा प्राथमिक ऊर्जेचा आकडा खाली येतो. त्याला काटकसर समजू नये.

दोन देशांची किंवा दोन वर्षांची तुलना वाचताना तीन प्रश्न विचारावेत. आकडा उष्णतेचा आहे की विजेचा? पाण्याची आणि अणूची वीज कोणत्या रीतीने धरली आहे? लाकूड-शेणी मोजल्या आहेत की वगळल्या? तिन्हींची उत्तरे दोन्ही बाजूंना सारखी असतील, तरच ती तुलना खरी मानावी.