दोन्ही ‘रायझन ५’, मग फरक कशाचा?

आमच्या आपांच्या मुलीचा बीसीएला प्रवेश ठरला आणि लॅपटॉपची गोष्ट निघाली. आपा कपडे शिवतात. त्या शिलाईतून दोन वर्षे बाजूला ठेवलेली रक्कम होती, आणि ती एकदाच खर्च होणार होती. आपा नांदेडला जाऊन दोन लॅपटॉपची माहितीपत्रके घेऊन आल्या आणि रात्री जेवणानंतर हिंगोलीच्या घरी आम्ही सगळे ती वाचायला बसलो.

दोन्ही कागदांवर मोठ्या अक्षरांत एकच मजकूर होता: रायझन ५, ७००० मालिका, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी. किमतीत चार हजारांचा फरक. “आपा, माल एकच आहे, स्वस्त घेऊन जा,” असे दुकानदार म्हणाला होता. भाची मात्र खालची बारीक अक्षरे वाचत होती. एकावर Ryzen 5 7520U होते, दुसऱ्यावर Ryzen 5 7530U.

एका आकड्याचा फरक, पण नेमका तोच महत्त्वाचा. एएमडी कंपनीच्या या नावात पहिला 7 म्हणजे २०२३ सालची मालिका. दुसरा आकडा दर्जा सांगतो. तिसरा सांगतो की आतली रचना कोणत्या पिढीची आहे: 2 म्हणजे झेन २, 3 म्हणजे झेन ३, 4 म्हणजे झेन ४. झेन २ बाजारात आली २०१९ मध्ये. म्हणजे ‘७००० मालिका’ हे शब्द खोटे नाहीत, पण डब्यावर नवे साल आणि आत जुनी रचना असू शकते. शिवाय 7520U मध्ये चार कोअर आहेत, 7530U मध्ये सहा. आपांना आम्ही त्यांच्याच भाषेत सांगितले: एका दुकानात चार कारागीर, दुसऱ्यात सहा, आणि त्या सहांचे हातही जास्त चपळ, पाटी मात्र दोन्हीकडे तीच. त्या लगेच समजल्या.

तिसऱ्या आकड्याची ही खूण रायझनच्या ७००० आणि ८००० मालिकांतील लॅपटॉपपुरतीच. इंटेलचे आकडे वेगळ्या पद्धतीने लावलेले असतात. तिथे पूर्ण नंबर उतरवून घ्यावा आणि कंपनीच्या साइटवर किती कोअर आहेत व तो कधी बाजारात आला हे पाहावे. ज्या कागदावर नुसते ‘कोअर आय५’ किंवा ‘रायझन ५’ लिहून पुढचा नंबर गाळला आहे, तो कागद आमच्या मते वाचण्याजोगा नाही.

खरी अडचण मात्र रॅमची होती. 7520U सोबत एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम येते आणि ती मदरबोर्डवर झाळून बसवलेली असते. त्या ८ जीबीतला काही भाग स्क्रीनवरचे चित्र काढण्यातच जातो, उरलेल्यात विंडोज आणि ब्राउझर. पहिल्या वर्षी चालून जाईल. पुढे मोठी सॉफ्टवेअर एकदम उघडली की यंत्र अडखळेल, आणि तेव्हा रॅम वाढवायला जागाच नसेल. दुसऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सुटी पट्टी बसणारी डीडीआर४ रॅम चालवतो. पण काही कंपन्या तिथेही ती झाळूनच देतात, म्हणून नुसता नंबर पाहून भागत नाही.

हे दुकानातच तपासता येते. चालू लॅपटॉपवर Ctrl+Shift+Esc दाबायचे, Performance मध्ये Memory उघडायचे. Form factor समोर SODIMM असेल तर पट्टी सुटी आहे; Row of chips असेल तर झाळलेली. शेजारी Slots used लिहिलेले असते.

‘१० तासांपर्यंत बॅटरी’ दोघांवरही होते. यातला ‘पर्यंत’ हाच शब्द वाचायचा. खाली बॅटरी ४२ वॅट-अवर लिहिली होती. ४२ ला १० ने भागले तर १० तास टिकण्यासाठी सगळे यंत्र जेमतेम ४ वॅटवर चालायला हवे, आणि ते स्क्रीन मंद करून, हलके काम ठेवले तरच. नेहमीच्या वापरात सरासरी १० वॅट धरले तर चार तास. दुपारी वीज गेली तर अभ्यास किती वेळ चालेल, याचा हिशेब त्या चारवरून करावा. ‘मिलिटरी ग्रेड’बद्दल सांगायचे तर, अमेरिकी लष्कराच्या चाचण्यांची एक लांब यादी आहे, त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनीच ठरवते. लॅपटॉप पलंगावरून पडला तर या शब्दांवर दुरुस्ती फुकट होत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आपांसोबत नांदेडला गेलो. भाचीने दुकानदाराला 7530U वाला चालू करायला लावला आणि स्वतः ती खिडकी उघडली. SODIMM, आणि खाली 1 of 2. एक खाच रिकामी होती, पुढच्या वर्षी त्यात ८ जीबीची पट्टी बसेल. आपांनी पर्समधून पाकीट काढले आणि पैसे दोनदा मोजून दिले.