व्हिसा आला, आता काय लिहायचं?

पासपोर्टचा फोटो आणि खाली ‘व्हिसा आला!’ एवढे दोनच शब्द. साताऱ्यापासून जळगावपर्यंत कितीतरी घरांतली ही बातमी आता नातेवाइकांना फोनवरून कळत नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर दिसते. आधी एकदा नकार आलेला असेल, तर त्या दोन शब्दांत मनातलं सगळं मावत नाही. सुटकेचा श्वास असतो, कुणाकुणाचे उपकार आठवत असतात, मागच्या वेळचा सलही असतो. त्या भरात माणूस लिहायला बसतो आणि हवं त्यापेक्षा बरंच जास्त लिहून जातो.

असा मजकूर मोकळेपणाने लिहिता येतो, फक्त त्यात काय ठेवायचं आणि काय वगळायचं हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी नकाराचा अर्थ नीट समजून घेणं उपयोगी पडतं.

अमेरिकेचंच उदाहरण घेऊ. तिथल्या १९५२च्या स्थलांतर कायद्यात २१४(बी) नावाचं कलम आहे. भेटीला किंवा शिकायला निघालेला अर्जदार अमेरिकेत कायमचा राहायलाच येतो आहे, असं हे कलम गृहीत धरतं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. मुलाखत अगदी थोडा वेळ चालते. तेवढ्यात अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, तर नकार मिळतो. हा नकार कायमचा नसतो आणि पुन्हा अर्ज करता येतो. तो अर्जदाराच्या चारित्र्यावरचा शेराही नसतो. युरोपातल्या शेंगेन देशांची पद्धत वेगळी आहे. तिथे ठरावीक नमुन्याचं पत्र मिळतं आणि नकाराच्या कारणांपुढे खूण केलेली असते.

हे लक्षात आलं की मागच्या नकाराबद्दल लिहिताना लाज वाटायचं कारण उरत नाही आणि राग काढायचंही उरत नाही. ‘मागच्या वेळी मिळाला नव्हता’ हे एक वाक्य पुरतं. ते खरं आहे, कुणावर आरोप करत नाही आणि आजचा आनंद मोठा का आहे तेही सांगतं. नकार लपवण्यात तसाही अर्थ नसतो, कारण आधी कधी व्हिसा नाकारला होता का, हा प्रश्न पुढच्या अर्जात असतोच आणि त्याचं उत्तर खरंच द्यावं लागतं.

आता एक काल्पनिक पण रोजच्या पाहण्यातला प्रसंग घेऊ. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेची मुलगी न्यू जर्सीत राहते. नात झाली, पण त्या वेळी आईला व्हिसा नाकारला गेला. दुसऱ्या खेपेला मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात मुलाखत झाली आणि या वेळी होकार आला. बाई आनंदाने फेसबुकवर लिहितात:

“अखेर जिंकले! मागच्या वेळी काही कारण नसताना नाकारलं होतं. या वेळी बँकेत भरपूर शिल्लक दाखवली, एजंटने सांगितल्याप्रमाणे उत्तरं दिली आणि दोन मिनिटांत काम झालं. येत्या चौदा तारखेच्या विमानाने सहा महिने नात सांभाळायला निघाले. देवा, तुझे उपकार!”

यातला आनंद अगदी खरा आहे. तरीही जवळजवळ प्रत्येक वाक्य त्यांना अडचणीत आणू शकतं.

‘शिल्लक दाखवली’ म्हटलं की पैसे फक्त दाखवण्यापुरतेच होते असा अर्थ निघतो. ‘एजंटने सांगितल्याप्रमाणे उत्तरं दिली’ यातून पढवलेली उत्तरं दिल्याचा वास येतो. बाईंनी कदाचित एवढंच केलं असेल की कागद नीट लावून घेतले आणि विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. वाचणाऱ्याला ते कळत नाही. ‘नात सांभाळायला’ हे मराठी घरातलं सहज बोलणं आहे. पण पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, आणि सांभाळायला येणारी व्यक्ती कामासाठीच येते आहे का, असा प्रश्न विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पडू शकतो. आजी नातीला भेटायला, तिच्याबरोबर राहायला चालली असेल तर तसंच लिहावं. प्रवासाची तारीख आणि सहा महिन्यांचा मुक्काम वाचला की घर किती दिवस बंद राहणार हे अनोळखी माणसालाही कळतं.

पोस्ट घरच्यांसाठी असते, पण ती वाचणारे फक्त घरचे नसतात. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात २०१९पासून मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावं विचारली जातात. जून २०२५मध्ये त्या देशाने विद्यार्थी आणि देवाणघेवाण कार्यक्रमांच्या अर्जदारांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं. आज लिहिलेली ओळ पुढच्या अर्जाच्या वेळी कुणी वाचू शकतं, हे धरूनच चालावं.

पैसा आणि प्रक्रिया वगळण्यामागे आणखी एक कारण आहे. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासला जातो. नोकरी, कुटुंब, आधीचे प्रवास, जाण्याचं कारण या सगळ्याचा मिळून विचार होतो. एकीने अमुक शिल्लक आणि तमुक कागद दिले म्हणून तिला व्हिसा मिळाला, असं तिला स्वतःलाही ठामपणे म्हणता येत नाही, कारण होकाराची कारणं कुणी सांगत नाही. तरी तो आकडा पोस्टमध्ये आला की दुसरा अर्जदार त्यालाच नियम समजतो. कुणी तेवढे पैसे उसने आणून खात्यात भरतो. मग खात्यात अचानक आलेली रक्कम हाच त्याच्या अर्जातला संशयाचा मुद्दा ठरतो.

आता फोटोकडे वळू. व्हिसाच्या स्टिकरच्या तळाशी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि बाणाच्या टोकासारख्या खुणांच्या दोन लांब ओळी असतात. त्या यंत्राने वाचायच्या ओळी. त्यांत नाव, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, मुदतीची तारीख आणि पासपोर्टचा किंवा व्हिसाचा क्रमांक असतो. स्टिकरच्या वरच्या भागात यातलं बरंचसं पुन्हा स्पष्ट छापलेलं असतं. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाचं नाव आणि विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांकही येतो. नावावर अंगठा धरून फोटो काढला, तरी तळाच्या दोन ओळींत ते नाव उघडंच राहतं.

यातून काय घडू शकतं, हे ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांच्या बाबतीत दिसलं. मार्च २०२०मध्ये त्यांनी विमानाच्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावर पासपोर्टचा क्रमांक नव्हता, पण आरक्षणाचा क्रमांक होता. त्याच्या आधारे एक जण विमान कंपनीच्या संकेतस्थळावर शिरला आणि तिथल्या पानाच्या आतल्या मजकुरात त्याला अ‍ॅबट यांचा पासपोर्ट क्रमांक सापडला. त्याने त्याचा गैरवापर केला नाही, संबंधितांना कळवलं आणि सगळी हकिगत काही महिन्यांनी प्रसिद्ध केली. तो माणूस प्रामाणिक होता म्हणून निभावलं. व्हिसाच्या फोटोत तर शोधायलाही काही उरत नाही, सगळं समोरच छापलेलं असतं.

म्हणून फोटो घ्यायचा तर बंद पासपोर्टच्या निळ्या मुखपृष्ठाचा घ्यावा, किंवा तो हातात धरून हसणाऱ्या माणसाचा. मजकूर फोनमधल्या अस्पष्ट करण्याच्या सोयीने झाकण्यापेक्षा ते पान फोटोत येऊच न देणं चांगलं, कारण हलकं पुसलेले आकडे पुष्कळदा ओळखता येतात.

वेळही महत्त्वाची आहे. मुलाखतीच्या खिडकीवर ‘मंजूर’ ऐकलं तरी पुढची तपासणी काही वेळा लांबते. शिक्का बसलेला पासपोर्ट हातात आला, त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि मुदत बरोबर आहे हे पाहिलं, की मगच लिहावं. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत सोडायचं की नाही आणि किती दिवस, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्यामुळे ‘सहा महिने राहणार’ ही घोषणा तशीही घाईची ठरते.

एवढं सगळं वगळल्यावर उरतं ते मनातलं, आणि मजकूर खरा फुलतो तो तिथेच. आभार मोघम असले की वाचणाऱ्याच्या मनात काही उमटत नाही. कुणी काय केलं ते लिहिलं की चित्र उभं राहतं. कार्यालयाचं, अधिकाऱ्याचं किंवा एजंटचं नाव त्यात लागत नाही. नकारानंतरच्या दिवसांत जी माणसं सोबत होती, त्यांची आठवण पुरते. इन्स्टाग्रामवर आधी फक्त पहिल्या एक-दोन ओळी दिसतात आणि बाकीचा मजकूर उघडावा लागतो, म्हणून बातमी आणि मागचा नकार दोन्ही सुरुवातीलाच यावेत.

साताऱ्याच्या बाई हे सगळं मनात धरून पुन्हा लिहितील, तर मजकूर असा होईल:

“अमेरिकेचा व्हिसा आला! मागच्या वेळी मिळाला नव्हता, तेव्हा मन फार खट्टू झालं होतं. आज पासपोर्ट हातात आला आणि पहिला फोन लेकीला केला. दोघींनाही काही बोलायला सुचेना. त्या दिवसांत कसलीही चौकशी न करता ‘चहाला या’ म्हणून हाक मारणाऱ्या शेजारणींचे आणि मला खचू न देणाऱ्या धाकट्या भावाचे मनापासून आभार. देवाची कृपा. आता नातीला भेटायची ओढ लागली आहे. अजून वाट पाहणाऱ्या सगळ्यांना शुभेच्छा.”

यात तारीख नाही, रक्कम नाही, मुलाखतीतला एकही प्रश्न नाही. तरी काही लपवल्यासारखं वाटत नाही. शेवटच्या वाक्यालाही कारण आहे. ही पोस्ट वाचणाऱ्यांत नुकताच नकार मिळालेला एखादा भाचा किंवा जुनी मैत्रीण असू शकते. ‘अखेर जिंकले’ वाचताना तिला आपण हरल्यासारखं वाटेल, ‘मागच्या वेळी मिळाला नव्हता’ वाचताना मात्र धीर येईल.

व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस चोवीस तासच राहतं, तिथे छोटा मजकूर शोभतो. विद्यार्थी लिहील, “मागच्या वर्षी राहिलं होतं, या वर्षी जमलं. आई-बाबा, तुम्ही एकदाही हिंमत सोडली नाहीत. मनापासून आभार.” पतीकडे निघालेली नवी नवरी लिहील, “थोडं थांबावं लागलं, पण आता एकत्र राहू. आमच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या सगळ्यांचे ऋणी आहोत.”

पोस्ट टाकल्यावर ‘बँकेत किती दाखवले?’, ‘एजंट कोण?’ असे प्रश्न येणारच. आभार मानून, ‘माहितीसाठी त्या देशाचं अधिकृत संकेतस्थळ पाहा’ एवढं उत्तर द्यावं. तुमच्या घरात कुणी असा फोटो आधीच टाकला असेल, तर आजच त्यांना फोन करा आणि व्हिसाचं पान दिसणारा फोटो काढून टाकायला सांगा. मजकूर नंतर बदलता येतो, पण दुसऱ्याने उतरवून घेतलेला फोटो परत मिळवता येत नाही.