सारखा नफा, दुप्पट भाव

दोन कंपन्या समोर ठेवू. नावं नकोत, आकडे पुरेत. येत्या वर्षी दोघींचाही दर शेअरमागचा नफा २० रुपये असणार आहे. त्यातले ८ रुपये दोघी लाभांश म्हणून वाटतील आणि १२ रुपये धंद्यात ठेवतील. जोखीमही सारखीच. अशा जोखमीवर गुंतवणूकदाराला वर्षाला १२ टक्के परतावा हवा आहे, असं धरू. तरीही पहिल्या कंपनीचा शेअर सुमारे २६७ रुपयांना जातो आणि दुसरीचा १३३ रुपयांना. म्हणजे पहिलीचा पी/ई १३.३ आणि दुसरीचा ६.७.

ब्रोकरच्या ॲपवर हे दोन आकडे शेजारी दिसले की बहुतेकांचं बोट दुसऱ्या कंपनीकडे वळतं. तेवढाच नफा आणि तेवढाच लाभांश निम्म्या पैशांत मिळत असेल तर कोण सोडेल? पण वरच्या उदाहरणात दोन्ही भाव रास्त आहेत. पहिली महाग नाही आणि दुसरी स्वस्त नाही. हे कसं, ते समजलं की पी/ई नुसता वाचण्याचा आकडा राहत नाही, तो उलगडून पाहता येतो.

शेअरधारकाला परतावा दोन वाटांनी मिळतो. एक वाट हातात येणाऱ्या लाभांशाची, दुसरी शेअरचा भाव वाढण्याची. कंपनीचा नफा आणि लाभांश दरवर्षी एकाच वेगाने वाढत राहिले आणि लोकांची अपेक्षा बदलली नाही, तर भावही त्याच वेगाने वाढतो. पहिल्या कंपनीत २६७ रुपयांवर ८ रुपये लाभांश, म्हणजे ३ टक्के. तिची वाढ वर्षाला ९ टक्के. बेरीज १२. दुसरीत १३३ रुपयांवर तेच ८ रुपये, म्हणजे ६ टक्के, आणि वाढही ६ टक्के. बेरीज पुन्हा १२. दोन्हीकडे गुंतवणूकदाराला हवं तेवढंच मिळतं. पहिल्या कंपनीची वाढ जास्त आहे, म्हणून तिच्या शेअरसाठी जास्त पैसे मोजून कमी लाभांशावर समाधान मानलं जातं.

हीच गोष्ट उलट्या बाजूने मांडली की सूत्र मिळतं. अपेक्षित परताव्यातून वाढीचा दर वजा केला की लाभांशाने भरून काढायचा हिस्सा उरतो. म्हणून शेअरचा भाव म्हणजे पुढच्या वर्षीचा लाभांश भागिले ही वजाबाकी. दोन्ही बाजूंना पुढच्या वर्षीच्या नफ्याने भागलं की लाभांशाच्या जागी वाटपाचं प्रमाण येतं, म्हणजे नफ्यातला किती भाग लाभांश म्हणून दिला ते:

पी/ई = वाटपाचं प्रमाण ÷ (अपेक्षित परतावा − वाढीचा दर)

पहिल्या कंपनीसाठी ०.४० भागिले ०.०३, म्हणजे १३.३. दुसरीसाठी ०.४० भागिले ०.०६, म्हणजे ६.७. लाभांशातून शेअरची किंमत काढण्याचा विचार जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ साली सविस्तर मांडला. एकाच दराने कायम वाढणाऱ्या लाभांशाचं हे सुटसुटीत रूप मात्र मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यांनी एली शपिरो यांच्याबरोबर ते १९५६ साली मांडलं होतं.

इथे एक सावधगिरी. या सूत्रातला नफा पुढच्या वर्षीचा आहे. ॲपवरचा पी/ई बहुधा सरलेल्या चार तिमाहींच्या नफ्यावर काढलेला असतो. पहिल्या कंपनीचा सरल्या वर्षाचा नफा १८.३५ रुपये असेल आणि त्या हिशेबाने तिचा पी/ई १४.५ दिसेल. नफा कोणता धरला यानेही मोठा फरक पडतो. राष्ट्रीय शेअर बाजाराने मार्च २०२१ च्या अखेरीपासून निफ्टीचा पी/ई काढताना फक्त मूळ कंपनीचा नफा धरणं सोडलं आणि उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली. त्यासरशी हा आकडा सुमारे ४० वरून ३३ च्या आसपास आला. शेअर स्वस्त झाले नव्हते, भागाकारातला खालचा आकडा बदलला होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सूत्रात वाटप वर आहे, म्हणून कंपनीने लाभांश वाढवला की पी/ई वाढेल असं वाटतं. शिवाय वाढीचा दर वाढला तरी पी/ई वाढतो. मग दोन्ही वाढवावेत! पण हे दोन आकडे एकाच पैशावर हक्क सांगतात. जो रुपया वाटला तो धंद्यात राहत नाही, आणि जो धंद्यात राहिला नाही त्याच्यावर नवा नफा येत नाही. बाहेरून नवं भांडवल न घेणाऱ्या कंपनीत वाढीचा दर म्हणजे नफ्याचा ठेवलेला हिस्सा गुणिले त्या ठेवलेल्या पैशावर मिळणारा परतावा. पहिली कंपनी ठेवलेल्या पैशावर १५ टक्के कमावते. ६० टक्के नफा ठेवते म्हणून ९ टक्के वाढते. दुसरी १० टक्के कमावते, म्हणून ६ टक्के वाढते. या दोन कंपन्यांमधला खरा फरक एवढाच आहे.

यंदा ठेवलेल्या १२ रुपयांचं काय होतं ते पाहू. पहिली कंपनी त्यावर दरवर्षी १.८० रुपये जादा कमावते. १२ टक्के अपेक्षेने या कायमच्या १.८० रुपयांची आजची किंमत १५ रुपये होते. शेअरधारकाचे १२ रुपये ठेवून घेतले आणि त्याचे १५ केले. दुसरी कंपनी त्याच १२ रुपयांवर १.२० रुपये कमावते आणि त्याची किंमत १० रुपये होते. नफा वाढला, विक्री वाढली, कदाचित नवा कारखानाही उभा राहिला, पण शेअरधारकाच्या १२ रुपयांचे १० झाले. हेच दरवर्षी चालू राहतं.

आता दोघींनीही सगळा नफा वाटून टाकला आणि वाढ शून्य झाली असं समजा. दोघींचा पी/ई होतो १ भागिले ०.१२, म्हणजे ८.३ आणि भाव सुमारे १६७ रुपये. पहिलीच्या २६७ रुपयांतले १०० रुपये तिच्या वाढीचे आहेत. दुसरी मात्र वाढीसाठी धडपडून स्वतःची किंमत सुमारे ३३ रुपयांनी कमी करते आहे. तिने वाटप ४० वरून ६० टक्क्यांवर नेलं तर वाढ ६ वरून ४ टक्क्यांवर उतरेल, पण पी/ई ६.७ वरून ७.५ होईल. पहिलीने तेच केलं तर तिची वाढ ९ वरून ६ होईल आणि पी/ई १३.३ वरून १० वर घसरेल. एखाद्या कंपनीला ठेवलेल्या पैशावर नेमका १२ टक्केच परतावा मिळत असेल, तर तिने किती वाटलं आणि किती ठेवलं याने काहीच बिघडत नाही. कसंही केलं तरी पी/ई ८.३ च राहतो. म्हणून ‘चांगला लाभांश देणारी कंपनी’ आणि ‘वेगाने वाढणारी कंपनी’ ही दोन्ही कौतुकं मला अपुरी वाटतात. ठेवलेला रुपया किती कमावतो हे कळल्याशिवाय दोन्हींना अर्थ नाही.

हिशेब चुकतो तो बहुतेक इथेच. पहिल्या कंपनीचं वाटप ४० टक्केच ठेवून कोणी वाढीचा अंदाज ९ वरून १० टक्के केला, तर पी/ई १३.३ वरून थेट २० होतो. एका टक्क्यात भाव दीडपट! पण ६० टक्के नफा ठेवून १० टक्के वाढायचं तर ठेवलेल्या पैशावर १५ नव्हे, १६.७ टक्के मिळायला हवेत, आणि तेही कायम. एखादा अहवाल वाढीचा आकडा वर नेतो आणि लाभांशाला हातही लावत नाही, तेव्हा ही जादा कमाई कुठून येणार हे तो सांगतो का, ते तपासावं. अपेक्षित परताव्याचंही असंच. तो १२ वरून १३ झाला की पी/ई १३.३ वरून १० वर येतो. सरकारी रोख्यांवरचं व्याज हा या अपेक्षेचा पाया असतो, म्हणून व्याजदर चढले की वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांचे भाव सर्वांत जास्त हलतात. त्यांच्या सूत्रातली वजाबाकी मुळातच लहान असते.

या नाजूकपणामुळे सूत्राची हद्दही ठरते. वाढ अपेक्षित परताव्याएवढी किंवा त्याहून जास्त धरली की उत्तर निरर्थक येतं. लाभांशच न देणाऱ्या नव्या कंपनीचा पी/ई शून्य येईल, तोही निरर्थक. आणि ‘कायम’ हा शब्द जड आहे. देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा जास्त वेगाने कायम वाढणारी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेपेक्षाच मोठी व्हावी लागेल. म्हणून वेगाने वाढणाऱ्या कंपनीच्या पहिल्या काही वर्षांचा लाभांश वेगळा मोजतात आणि धंदा स्थिरावल्यानंतरच्या काळाला हे सूत्र लावतात. कंपनी शेअरची पुनर्खरेदी करत असेल तर ती रक्कमही वाटपात धरावी, कारण तोही पैसा धंद्यातून बाहेर गेलेला असतो.

मला स्वतःला हे सूत्र भाव काढण्यापेक्षा बाजाराच्या अपेक्षा तपासायला जास्त उपयोगी वाटतं. समजा एखादा शेअर पुढच्या वर्षीच्या नफ्याच्या ४० पटीने विकला जातो आहे आणि कंपनी ४० टक्के वाटते. ०.४० भागिले ४० म्हणजे ०.०१. अपेक्षित परतावा १२ टक्के धरला, तर वाढ ११ टक्के धरलेली आहे, आणि त्यासाठी ठेवलेल्या पैशावर १८ टक्क्यांहून जास्त कमाई कायम हवी. या धंद्यात हे जमेल का, हा प्रश्न मग ठोसपणे विचारता येतो.

त्याचं उत्तर शोधायला वार्षिक अहवाल पुरतात. गेल्या पाच वर्षांत दर शेअरमागे कंपनीने नफ्यातले किती रुपये स्वतःकडे ठेवले त्यांची बेरीज करा. त्या काळात दर शेअरमागचा वार्षिक नफा किती रुपयांनी वाढला ते पाहा आणि त्याला त्या बेरजेने भागा. आपली दुसरी कंपनी पाच वर्षांत सुमारे ६८ रुपये ठेवेल आणि नफा ६.८० रुपयांनी वाढवेल. उत्तर १० टक्के. सुरुवातीचं वर्ष मंदीचं आणि शेवटचं तेजीचं असेल तर उत्तर फुगतं, म्हणून अशा धंद्यात दहा वर्षं घ्या. हातात असलेल्या शेअरसाठी हा भागाकार आजच करून पाहा, आणि उत्तर तुम्हाला हव्या असलेल्या परताव्यापेक्षा कमी आलं तर त्याचा पी/ई कमी का आहे याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.