दिंडोरीच्या दगडात लोखंड आहे, पण खाण नाही

रामशेजचा कातळ

दिंडोरी तालुक्यात रामशेज किल्ल्याकडे लांबून पाहिलं, तर डोंगराचे आडवे थर डोळ्यांत भरतात. हा सगळा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली झाकला गेला.

या शंभर किलो दगडात ढोबळमानाने आठ-दहा किलो लोखंड असतं. तरीही ते कुणी काढत नाही, कारण ते कणाकणाने दगडात विखुरलेलं आणि इतर द्रव्यांशी घट्ट बांधलेलं आहे. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या चांगल्या लोहखनिजात हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या पुढे जातं. मूलद्रव्य सगळीकडे सापडतं. त्याची खाण व्हायला ते निसर्गाने एका जागी गोळा केलेलं असावं लागतं. लाव्हा झपाट्याने पसरून थिजला, त्यामुळे इथे लोखंड असं एका जागी गोळा झालं नाही.

कोळसा पूर्वेलाच का?

कोळशाच्या अटी आणखी कडक. दलदलीत झाडं गाडली जायला हवीत, तळ हळूहळू खचत राहायला हवा आणि वर गाळ साचत जायला हवा. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी हे सगळं वर्धा आणि कन्हान नद्यांच्या आजच्या खोऱ्यांत जुळून आलं. लाव्हाचा थर पश्चिमेला जाड आणि पूर्वेकडे पातळ होत संपतो, म्हणून चंद्रपूर-नागपूरकडे हे जुने खडक उघडे आहेत. दिंडोरीच्या खोल पोटात काय दडलंय, याचा उपयोग नाही. शेकडो मीटर कातळ फोडून काढलेला कोळसा परवडायचा कुणाला?

वजनाचा हिशोब

कारखाना कुठे उभा राहतो, हे पुष्कळदा वाहतुकीवर ठरतं. जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर याने 1909 मध्ये याचा नियम मांडला: प्रक्रियेत ज्याचं वजन घटतं, त्या मालाजवळ कारखाना जातो. एक टन सिमेंटला सुमारे दीड टन चुनखडी लागते आणि भट्टीला कोळसाही लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात दोन्ही जवळजवळ मिळतात, म्हणून गडचांदूर परिसरात सिमेंटचे कारखाने एकमेकांना खेटून आहेत.

जे सगळीकडे मिळतं, त्याचं गणित उलटं. काळा दगड राज्यात जागोजागी आहे, त्यामुळे खडी क्रशर बांधकामाच्या जवळ जाऊन बसतात. खडी दोनशे किलोमीटरवरून आणायची म्हटली, तर मालापेक्षा भाडंच जास्त व्हायचं.

एकलहऱ्याचं अवघड गणित

मग नाशिक रोडजवळ एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्र कसं? इथला 210 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर सुमारे पन्नास लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला पाऊण किलो कोळसा धरला, तर दिवसाला 3,800 टन लागतात, म्हणजे जवळजवळ एक अख्खी मालगाडी. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. त्यामुळे विदर्भातून सहाशेहून अधिक किलोमीटर आलेल्या त्या गाडीतला अकराशे-पंधराशे टन माल शेवटी राखच उरतो. भाडं मात्र तिचंही मोजावं लागतं.

केंद्राची सुरुवात 1970 च्या सुमारास झाली. तेव्हा लांबवर वीज नेणाऱ्या तारांचं जाळं आजच्याइतकं दाट नव्हतं. गोदावरीचं पाणी आणि रेल्वे हाताशी होती, नाशिक-मुंबईची मागणीही जवळ होती. आज तारा पोचल्या आहेत. कोणतं केंद्र आधी चालवायचं, हे युनिटमागच्या बदलत्या खर्चावर ठरतं आणि दूरचा कोळसा जाळणारे संच त्या रांगेत मागे पडतात. खाणीजवळ वीज करून ती तारेने आणली, तर राखेचं भाडं पडत नाही. माझ्या मते हे केंद्र आजच्या दराने नव्याने मांडलं, तर या जागी कुणी उभारणार नाही.

दिंडोरीने काय ओढलं?

कोळसा-खनिज नसलेल्या दिंडोरीत करंजवण, वाघाड, पालखेड अशी धरणं आहेत आणि त्या पाण्यावर द्राक्षं. शाँदोंची वायनरी याच तालुक्यात आली. मोहाडीला सह्याद्री फार्म्सने द्राक्ष निर्यात आणि फळप्रक्रियेचं मोठं केंद्र उभं केलं.

वायनरीला मात्र वेबरचा वजनाचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. 750 मिलिलिटर वाइनला सव्वा किलोच्या आसपास द्राक्षं लागतात. भरलेल्या बाटलीचं वजन काचेसकट जवळपास तेवढंच भरतं, म्हणजे वाहतुकीत बचत शून्य. खरी अडचण काढणीनंतरच्या तासांची आहे. ऊन तापलं आणि मणी फुटले, की रस बागेतून निघता निघताच आंबू लागतो. म्हणून काढणी शक्यतो गारव्यात उरकतात आणि क्रेट लगेच वायनरीत पोचवतात. बाटल्या भरण्याचं काम उद्या मुंबईजवळ गेलं, तरी वजनाचं गणित बिघडणार नाही. द्राक्षं चिरडायचं काम मात्र बागेपासून लांब नेता येत नाही.